"जोडलंय, बघून घ्या" लिहिण्याआधी

मागच्या वर्षी भाड्याच्या फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट मी घरमालक काकांना मेल केला, खाली एकच ओळ, "काका, अ‍ॅग्रीमेंट जोडलंय, बघून घ्या." काकांनी बघितलं, "छान" असा रिप्लाय दिला आणि ठेवून दिलं, त्यांना वाटलं हीच फायनल कॉपी. पार्किंगचा नंबर मात्र आधीच्या भाडेकरूच्या ड्राफ्टमधला तसाच राहिला होता, जो चुकलाय हे फक्त काकांनाच कळलं असतं. रजिस्ट्रेशन झालं आणि मग दुरुस्तीचा दस्त, परत दोघांचे फोटो, परत अंगठे, परत खर्च.

तर या वेळी. फाइल आधी जोडायची, मग मजकूर लिहायचा, हे सगळ्यांना माहितीय. जोडलेली फाइल एकदा उघडून बघा, नाव final_2.pdf असेल तर आत मागच्या वर्षीचंच काहीतरी निघतं. नाव असं द्या की डाउनलोडमध्ये पडली तरी ओळखू येईल, Agreement_Draft_Flat12.pdf वगैरे. ड्राफ्ट हा शब्द नावातही हवा आणि मेलमध्येही.

मग आत काय आहे ते सांगा, पण "महत्त्वाचं डॉक्युमेंट" असं नको. सहा पानं, 11 महिन्यांचा करार, भाडं-डिपॉझिट पान 2 वर, पार्किंग पान 3 वर, एवढं लिहिलं की मोबाइलवर वाचणारा माणूस थेट तिथे जातो. बाकी पानं कोणी वाचत नाही, मीही नाही.

आणि आता मी जे विसरलो ते. समोरच्याने त्या फाइलचं करायचं काय? तपासायचं, सही करायची, भरून परत पाठवायचं की नुसतं ठेवायचं? "बघून घ्या" यात यातलं काहीच येत नाही, बघितलं की काम संपलं. नक्की काय करायचं ते क्रियापद लिहा. काय तपासायचं, कशाशी ताडून, कधीपर्यंत आणि उत्तरात काय लिहायचं. मी आता असं लिहितो:

"काका, सोबत कराराचा ड्राफ्ट आहे, अजून रजिस्टर केलेला नाही. पान 3 वरचा पार्किंग नंबर तुमच्या सोसायटीच्या पत्राशी ताडून बघा. बरोबर असेल तर 'नंबर बरोबर' एवढंच कळवा, चूक असेल तर बरोबर नंबर पाठवा. गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवा, शुक्रवारी रजिस्ट्रेशन आहे. सही आत्ता नको."

शेवटची ओळ मुद्दाम, कारण काही जण प्रिंट काढून सही करून स्कॅनच पाठवतात. आणि नुसता "ओके" आला तर खूश होऊ नका, ओके कशाला ते विचारा. माझ्या वेळचा "छान" असाच होता!

दोन फाइल असतील तर कुठलीचं काय करायचं ते वेगवेगळं लिहा. 25 एमबीच्या वर गेली तर जीमेल ड्राइव्हची लिंक टाकतं, परमिशन बघा. विषयात "ड्राफ्ट, गुरुवारपर्यंत उत्तर हवं" टाका. आणि पाठवायच्या आधी परत एकदा, करायचं काय ते लिहिलंय का?