पाच ग्रंथ, पाच शेरे : सटीप संदर्भसूची कशी करावी

माझी भाची इथे बडोद्यात एम. ए. करते. दिवाळीच्या सुट्टीत ती एक कागद घेऊन आली. प्रबंधाआधी पाच ग्रंथांची सटीप संदर्भसूची द्यायची होती, प्रत्येक नोंदीखाली छोटी टीप आणि शेवटी उपयुक्ततेबद्दल एका ओळीचा शेरा. तिने केलं होतं सगळं. पाचही शेरे मी ओळीने वाचले: "अतिशय उपयुक्त ग्रंथ", "महत्त्वाची माहिती मिळते", "अभ्यासकांनी जरूर वाचावा", "उत्तम संदर्भग्रंथ", आणि पुन्हा "अतिशय उपयुक्त".

"यातला दुसरा शेरा चौथ्या पुस्तकाला लावला तर काय बिघडेल?" मी विचारलं.

ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली. "काहीच नाही, मामा."

मग आम्ही ते काम पहिल्यापासून केलं. कसं केलं ते इथे लिहितो, कारण विषय आपल्या बडोद्याचाच होता.

आधी प्रश्न, मग पुस्तकं

तिच्या कागदावर विषय होता "बडोद्याची ग्रंथालय चळवळ". हा विषय झाला, प्रश्न नव्हे, आणि एवढ्या मोठ्या विषयाला पुस्तक उपयोगी की निरुपयोगी हे ठरवताच येत नाही. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, ते 1910 ते 1913 इथे होते, आणि त्या काळात मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यांपर्यंत जाळं विणलं गेलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. यातलं तुला नेमकं काय हवंय, असं मी विचारलं. अर्ध्या तासाने दोन वाक्यं निघाली: गावातल्या ग्रंथालयाचा पैसा कुठून येई? आणि ती पुस्तकं खरोखर वाचली जात का?

ही दोन वाक्यं तिने एका कार्डावर लिहून टेबलावर उभी ठेवली. पुढचा प्रत्येक शेरा या कार्डाकडे बघून लिहायचा. ग्रंथ चांगला की वाईट हा मुद्दाच नाही. या दोन प्रश्नांना तो किती कामाचा, एवढंच सांगायचं.

आठ-दहा गोळा करा, पाच ठेवा

पाचच हव्यात म्हणून पहिली पाच हाताला लागली ती घेऊ नयेत. आठ-दहा नावं जमवून त्यातून निवडावं, आणि निवडताना एकच गोष्ट पाहावी: पाचही जण एकाच तोंडाने बोलत नाहीत ना? संस्थानाच्या खात्याने काढलेली पाच पुस्तकं घेतली तर ती एकमेकांना दुजोरा देतील, पण तो दुजोरा घरच्यांचा.

तिची पहिली चूक इथेच सापडली. यादीत 1934 सालचं बडोदा स्टेट प्रेसचं "द रूलर्स ऑफ बडोदा" होतं, लेखक एफ. ए. एच. एलियट. साल बघून तिला वाटलं, यात ग्रंथालयं असणारच. पण एलियट हे लहानग्या सयाजीरावांचे शिक्षक, आणि पुस्तक मूळचं 1879 चं. महाराजांच्या हाती कारभार आला 1881 मध्ये. म्हणजे 1934 ची प्रत हे पुनर्मुद्रण, आणि 1910 मध्ये सुरू झालेल्या गोष्टीबद्दल त्यात काही असण्याचा संभवच नाही. त्यातून घोटाळा असा, की फिलिप सार्जंट यांचं 1928 सालचं सयाजीरावांचं चरित्र आहे "द रूलर ऑफ बडोदा". एका "स"चा फरक. तिने टीप लिहिली होती सार्जंटबद्दल ऐकून आणि नाव घातलं होतं एलियटचं.

म्हणून शीर्षकपान आणि त्याच्या पाठचं पान दोन्ही उघडून बघावं. प्रथम आवृत्ती कधीची, हातातली कधीची, ही दोन्ही सालं नोंदवावीत. कुणाच्या तळटीपेतून किंवा दुकानाच्या यादीतून नोंद उचलली तर तिथली चूकही आपल्या नावावर जमा होते.

शेवटी राहिले ते पाच असे: जनार्दन कुडाळकर यांचं "द बडोदा लायब्ररी मूव्हमेंट" (1919), न्यूटन मोहन दत्त यांचं "बडोदा अँड इट्स लायब्ररीज" (1928), 1921 च्या जनगणनेचा बडोदा संस्थानाचा खंड म्हणजे सत्यव्रत मुखर्जी यांचा सतरावा खंड, स्टॅनली राइस यांचं दोन खंडांतलं सयाजीराव-चरित्र (1931), आणि डेव्हिड हार्डिमन यांचा "प्रोग्रेसिव्ह" संस्थान म्हणून बडोद्याची घडण तपासणारा 1978 चा लेख. हार्डिमनची नोंद करताना बरेच जण चुकतात. तो लेख रॉबिन जेफ्री यांनी संपादित केलेल्या ग्रंथात आहे, त्यामुळे नोंद हार्डिमनच्या नावाने करायची आणि आत ग्रंथाचं व संपादकाचं नाव द्यायचं, पानांच्या आकड्यांसह. जेफ्रीच्या नावाने केली तर जे वाचलं नाही त्याचीही जबाबदारी अंगावर येते.

आणखी एक बारीक गोष्ट. वर मी दिलेला क्रम वर्णमालेचा आहे: क, द, म, र, ह. प्रबंध इंग्रजीत असेल तर दत्त आधी येतील आणि कुडाळकर तिसरे. सूची ज्या लिपीत, क्रम त्या लिपीचा.

पूर्ण पुस्तक वाचावं लागत नाही

प्रत्येक ग्रंथाला दोन-तीन तास पुरतात. आधी प्रस्तावना वाचावी, कारण लेखक कोण, कुणाच्या सांगण्यावरून लिहितो, माहिती कुठून घेतो हे तिथे कळतं. मग अनुक्रमणिका, मग शेवटची सूची. सूचीत "लायब्ररी", "बॉर्डन" आणि "ट्रॅव्हलिंग" हे शब्द शोधले. दोन खंडांच्या चरित्रात आपला विषय किती पानांत आटोपतो हे सूची चटकन सांगते. ती पानं मात्र नीट वाचायची.

वाचताना आकडा दिसला की त्याखालची तळटीप बघायची. तीन ग्रंथांत तोच आकडा आला म्हणून तो तीनदा सिद्ध झाला असं होत नाही. तिघांनी एकाच वार्षिक अहवालातून उचलला असेल तर साक्षीदार एकच.

टीप तीन-चार वाक्यांची

पहिल्या वाक्यात ग्रंथ काय सांगतो. दुसऱ्यात तो हे कशाच्या आधारे सांगतो. तिसऱ्यात आपल्या प्रश्नापुरतं त्यात काय नाही. तिसरं वाक्य सगळ्यांना जड जातं, कारण नसलेली गोष्ट दिसत नाही. तिथेच समोरचं कार्ड कामाला येतं.

कुडाळकरांची टीप अशी झाली: "संस्थानातील ग्रंथालय योजनेची रचना, फिरती ग्रंथालये व गावग्रंथालयांना मिळणारे साहाय्य यांचे वर्णन. लेखक ग्रंथालय खात्याचे अधिकारी असून ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयानेच प्रकाशित केला आहे. योजना कशी असावी हे कळते. एखाद्या गावात ती प्रत्यक्ष कशी चालली हे कळत नाही."

गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम पंचायतीने घालावी आणि तेवढीच खात्याने, ही तिहेरी व्यवस्था खात्याच्या लेखनातून स्पष्ट होते. पण वर्गणी जमलीच नाही त्या गावाचं काय, हे खात्याने छापलेल्या पुस्तकात शोधणं म्हणजे हलवायाकडे मिठाईच्या दोषांची चौकशी करणं. त्यात कुडाळकरांची चूक काही नाही. आपण ते लक्षात घेऊन शेरा लिहायचा, एवढंच.

आता शेरा

शेऱ्यात तीन गोष्टी एका ओळीत बसवायच्या: कशासाठी, किती, आणि काय सांभाळून. कुडाळकरांना तिने लिहिलं: "पैशाच्या व्यवस्थेसाठी मूळ आधार, वाचनाबद्दलचे दावे खात्याचे आहेत म्हणून पडताळून घ्यावेत." हा शेरा दुसऱ्या पुस्तकाला चिकटत नाही.

दत्तांपाशी ती अडली. तेही खात्याचेच, प्रकाशन तिथलंच, विषय तोच. शेराही तोच येऊ लागला. दोन शेरे सारखे आले की एकतर एक ग्रंथ काढावा, नाहीतर फरक शोधावा. फरक सालाचा होता: मधली नऊ वर्षं. म्हणून शेरा झाला, "एकटा घेतला तर कुडाळकरांचीच पुनरुक्ती, शेजारी ठेवला तर 1919 ते 1928 मध्ये काय वाढले, काय थांबले ते दाखवतो."

सगळ्यात जास्त वाद जनगणनेवर झाला. "साक्षरता वाढली म्हणजे लोक वाचत होते ना?" असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, जनगणनेत साक्षर कोण, ते आधी बघ. त्या काळात मित्राला पत्र लिहिता येणं आणि त्याचं उत्तर वाचता येणं ही कसोटी होती. ग्रंथालयातून पुस्तक नेलं का, हे त्यात विचारलेलंच नाही. शिवाय 1906 पासून सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, मग साक्षरता वाढली ती शाळेमुळे की पेटीतल्या पुस्तकांमुळे हे वेगळं कसं करणार? तिचा शेरा: "वाचू शकणारे किती होते एवढ्यापुरता विश्वासार्ह, वाचत किती होते याचा पुरावा म्हणून वापरू नये."

राइसना फारसा वेळ द्यावा लागला नाही. चरित्र महाराजांच्या हयातीतलं आणि ग्रंथालयं हा त्यातला एक धागा. "महाराजांच्या धोरणाची पार्श्वभूमी समजण्यापुरता, खर्च व वापर यांसाठी कमी उपयोगाचा." हा "कमी" शब्द लिहिताना तिचा हात थबकला, गाईड काय म्हणतील म्हणून. पण पाचांत एकही कमी उपयोगाचा नसेल तर वाचणाऱ्याला वाटतं की वजन केलेलंच नाही.

हार्डिमनमध्ये ग्रंथालयांचं असं काही हाती लागत नाही, म्हणून ती तो काढायला निघाली होती. मी ठेवायला लावला. बाकी चौघांपैकी तिघे संस्थानाच्या कारभारातले आणि चौथा चरित्रकार, त्यामुळे "पुरोगामी संस्थान" हे बिरूदच तपासून बघणारा बाहेरचा इतिहासकार हा एकटा. शेरा: "ग्रंथालयांबद्दल माहिती नाही, बाकी चारांवर किती विसंबावे हे ठरवण्यासाठी आवश्यक."

पाचही कार्डं ओळीने मांडली तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. पैशाच्या प्रश्नाला दोन ग्रंथ उत्तर देत होते, वाचनाच्या प्रश्नाला एकही नाही. मग तिने सूचीच्या माथ्यावर एक वाक्य घातलं, की दुसऱ्या प्रश्नासाठी गावग्रंथालयांच्या देवघेवीच्या वह्या शोधाव्या लागतील, आणि तिथेही नेलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक असं धरता येणार नाही.

एलियटचं सहावं कार्ड तिने फाडलं नाही. त्यावर "मूळ 1879, म्हणून वगळला" असं लिहून डब्यात मागे ठेवलं. दोन महिन्यांनी तेच पुस्तक पुन्हा कपाटातून काढण्याची वेळ तिच्यावर येणार नाही.