क्रॉनिक, अक्यूट, बिनाइन, रेमिशन: रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

मी गेली १४ वर्षं दादरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिमॅटॉलॉजीच्या टेबलावर आहे, म्हणजे रक्ताच्या स्लाइड्स बघणं हेच काम. रिपोर्ट घेऊन लोक जिन्यातच उभे राहतात आणि मोबाइलवर एकेक शब्द सर्च करतात हे रोजचंच आहे. पण माझ्याच मामाचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं की बाहेर काउंटरवर शांतपणे समजावणं वेगळं आणि घरात समजावणं वेगळं.

झालं असं की मामाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं, त्याआधीच्या साध्या सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी १ लाख ८० हजार निघाल्या (नॉर्मल साधारण ४ ते ११ हजार असतात). पुढे बोन मॅरो वगैरे होऊन निदान आलं, रक्ताचा कॅन्सर: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, क्रॉनिक फेज. मामीचा डोंबिवलीहून रात्री साडेअकराला फोन, रडतच. "दोन-दोनदा क्रॉनिक लिहिलंय गं, म्हणजे लास्ट स्टेज ना?"

पहिली चूक: क्रॉनिक म्हणजे भयंकर

आपल्याकडे "क्रॉनिक केस आहे" असं हात झटकून म्हणायची सवय आहे ना, त्यामुळे हा घोळ होतो. क्रॉनिक म्हणजे फक्त दीर्घकाळ चालणारं, हळू सरकणारं. आजार किती वाईट आहे याबद्दल तो शब्द काहीच बोलत नाही, तो वेळेबद्दल बोलतो. सर्दीचं सायनस १२ आठवडे टिकलं की क्रॉनिक, किडनीचा बिघाड ३ महिन्यांहून जास्त राहिला की क्रॉनिक.

मामाच्या आजारात तर हा शब्द दिलासा देणारा होता. या ल्युकेमियाचे तीन टप्पे मानत आलेत: क्रॉनिक फेज, मग अ‍ॅक्सिलरेटेड, मग ब्लास्ट फेज. क्रॉनिक फेज ही पहिली पायरी, बहुतेक पेशंट इथेच सापडतात. मामीला म्हटलं, "मामी, ज्या शब्दाला तू रडतेयस ना, डॉक्टरांना तोच वाचायचा होता." तिला पटलं नाही अर्थात, सकाळी डॉक्टरांनी सांगितल्यावर पटलं!

दुसरी चूक: अक्यूट म्हणजे क्रॉनिकपेक्षा हलकं

मामीच्या जावेनं धीर द्यायला म्हटलं, "निदान अक्यूट असतं तर लगेच बरं झालं असतं." अक्यूट गॅस्ट्रो, अक्यूट ब्राँकायटिस हे आठवडा-दोन आठवड्यांत जातात म्हणून लोकांना तसं वाटतं. पण अक्यूट म्हणजे अचानक आलेलं आणि वेगानं चाललेलं, बस. वेग पोटाच्या इन्फेक्शनचा असेल तर ते लवकर निघून जातं, वेग रक्ताच्या कॅन्सरचा असेल तर घाई आपल्याला करावी लागते. अक्यूट ल्युकेमियात उपचार काही दिवसांत सुरू करावे लागतात, अशा पेशंटचे नातेवाईक "सेकंड ओपिनियनसाठी पुढच्या महिन्यात जाऊ" म्हणतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. दुसरं मत घ्याच, पण ते दोन दिवसांत घ्या.

म्हणून हे दोन्ही शब्द एकटे वाचू नका, पुढचं नाव वाचा. आणि डिस्चार्ज कार्डवर "अक्यूट ऑन क्रॉनिक" दिसलं तर ती टायपिंगची चूक नाही, जुन्या आजारावर अचानक नवा झटका आलाय एवढाच अर्थ.

बिनाइनबद्दल थोडक्यातच सांगते. गाठ बिनाइन म्हणजे कॅन्सरची नाही, शेजारच्या भागात घुसत नाही की दुसरीकडे पसरत नाही. पण "काही करायला नको" असा अर्थ त्यात नाही! आमच्या चाळीतल्या एका काकूंचा फायब्रॉइड बिनाइन होता, म्हणून त्या दीड वर्ष गप्प बसल्या, आणि महिन्याच्या रक्तस्रावानं हिमोग्लोबिन ६.८ वर आलं. कवटीच्या आत तर जागाच नसते, तिथली बिनाइन गाठसुद्धा मेंदूवर दाब देते. तेव्हा विचारायचं ते हे की गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, वाढतेय का. आणि सुईच्या तपासणीत "कॅन्सर पेशी दिसल्या नाहीत" हे वाक्य म्हणजे बिनाइनचा शिक्का नव्हे, कधीकधी सुईत पुरेशा पेशीच आलेल्या नसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक: रेमिशन म्हणजे बरा झाला

मामाला इमॅटिनिब सुरू झालं, ४०० मिलिग्रॅम, रोज एक, जेवणाबरोबर आणि मोठा ग्लासभर पाणी. दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची पीसीआर टेस्ट. या आजारात दोन क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल नावाचा बिघडलेला जीन तयार होतो, टेस्ट त्याचंच प्रमाण टक्क्यांत मोजते. वर्षभरात ते ०.१ च्या खाली यावं अशी अपेक्षा असते, मामाचं ०.०६ आलं. डॉक्टर म्हणाले, "छान, तुम्ही रेमिशनमध्ये आहात." घरी पेढे आले.

आणि मामानं कोणाला न सांगता गोळी बंद केली. पायात गोळे यायचे, सकाळी डोळ्यांखाली सूज असायची (दोन्ही या गोळीचे नेहमीचे त्रास), आणि आता बरा झालोय तर कशाला खायची, असा त्याचा हिशोब. पुढच्या टेस्टची तारीखही टाळली. पाच महिन्यांनी मामीनं ओढत नेलं तेव्हा आकडा ४.२ होता. अंगाला काहीच जाणवत नव्हतं, वजन ठीक, भूक ठीक, सीबीसीसुद्धा जवळपास नॉर्मल. हीच गंमत आहे, परत आलेलं आधी पीसीआरला दिसतं, माणसाला नंतर.

रेमिशन म्हणजे आजाराच्या खुणा आत्ता कमी झाल्यात किंवा आपल्या टेस्टला दिसत नाहीत. "आत्ता" आणि "आपल्या टेस्टला" हे दोन्ही महत्त्वाचं. अक्यूट ल्युकेमियात कंप्लीट रेमिशन म्हणताना मॅरोमधल्या ब्लास्ट, म्हणजे अर्धवट वाढलेल्या पेशी ५ टक्क्यांच्या खाली लागतात. मी स्लाइडवर मोजते तेव्हा मला सगळं साफ दिसतं, पण तेव्हाही शरीरात कोट्यवधी कॅन्सर पेशी उरलेल्या असू शकतात. म्हणूनच "रेमिशन आली तरी केमो का चालूच?" या प्रश्नाचं उत्तर तेच आहे, उरलेल्यांसाठी. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात तर पहिल्या रेमिशननंतरही औषधं दोन-अडीच वर्षं चालतात.

मग मामासारख्यांची गोळी कधीच बंद होत नाही का? होते काहींची, पण ते डॉक्टर ठरवतात: किमान तीन वर्षं औषध झालेलं, त्यातली किमान दोन वर्षं आकडा ०.०१ किंवा त्याखाली टिकलेला, आणि बंद केल्यावर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर. एवढं सांभाळूनही जवळपास निम्म्या लोकांमध्ये आकडा परत चढतो, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांत. मामाकडे यातलं काहीच नव्हतं, एकच वर्ष झालेलं.

नशीब चांगलं म्हणून गोळी परत सुरू केल्यावर सहा महिन्यांत आकडा ०.०८ ला उतरला. पायातल्या गोळ्यांचं डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी त्यावर उपाय दिला, जे तो पहिल्याच महिन्यात सांगू शकला असता. आता मामी रात्रीच्या जेवणाला ताटाच्या कडेला गोळी ठेवते, लोणच्याच्या जागी, आणि तो गिळेपर्यंत भात वाढत नाही.