पासवर्ड मॅनेजर लावताना या चुका टाळा

चप्पल लाईनमधल्या मामांच्या दुकानात गेल्या रविवारी त्यांच्या फोनवर बिटवॉर्डन हे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप बसवलं. तोवर सगळीकडे एकच पासवर्ड होता, दुकानाचं नाव आणि पुढं 123. घाऊक मालाच्या एका साइटवर मी नवा 24 अक्षरांचा पासवर्ड टाकला. "बदलला" असा मेसेजही आला. दुपारी मामांचा फोन, "अरं, आत घेतच नाही की ते!"

चूक माझीच होती. बदलण्याच्या पानावरची चौकट 16 अक्षरांवर थांबत होती. पेस्ट केल्यावर उरलेली 8 अक्षरं तिनं गुपचूप कापली. लॉगिनच्या पानावर मात्र तशी मर्यादा नव्हती, तिथं 24 च्या 24 अक्षरं जायची, मग जुळणार कशी? पेस्ट केल्यावर चौकटीतले ठिपके मोजले असते, तर तिथंच कळलं असतं. आम्ही पहिली 16 अक्षरं हातानं टाकली, उघडलं! मग मॅनेजरमधली नोंदही 16 ची केली. दरवेळी असं सुटेलच असं नाही. नाही सुटलं तर "पासवर्ड विसरलो" वापरून तेवढ्याच लांबीचा नवा घ्यायचा.

म्हणून क्रम असा ठेवा: पासवर्ड तयार करा, आधी मॅनेजरमध्ये सेव्ह करा, मग साइटवर बदला. लगेच बाहेर पडून ऑटोफिलनंच, म्हणजे मॅनेजरलाच पासवर्ड भरू देऊन, परत आत जा. जमलं की पुढचं खातं. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्यांचे रीसेट तिथंच येतात.

दुसरा घोळ दोन मॅनेजरचा. ब्राउझरमध्ये जुना पासवर्ड सेव्ह असतो, तोच पुढं येतो आणि माणूस नव्याला दोष देतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ऑटोफिल सेवा म्हणून बिटवॉर्डन निवडा. क्रोममध्ये वेगळं करावं लागतं: Settings मध्ये Autofill services, तिथं Autofill using another service, मग क्रोम पुन्हा सुरू करा. नवे पासवर्ड चालतायत याची खात्री झाल्यावरच ब्राउझरमधले जुने पुसा, घाई नको.

ऑटोफिल काही सुचवतच नसेल तर चिडून हातानं कॉपी करू नका, आधी वरचा पत्ता बघा. नोंद साइटच्या पत्त्याशी जुळवली जाते, त्यामुळं हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती गप्प बसते. पत्ता खरा असेल तर नोंदीतला पत्ता जुना असेल, तो दुरुस्त करा. काही बँकांची ॲप ऑटोफिल अडवतात, तिथं मात्र कॉपीला पर्याय नाही.

आणि मास्टर पासवर्ड, म्हणजे मॅनेजर उघडायचा पासवर्ड. तो विसरला तर बिटवॉर्डनवाल्यांनाही तिजोरी उघडून देता येत नाही. मामांनी तो पाच असंबद्ध मराठी शब्दांचा, इंग्रजी अक्षरांत ठेवलाय. कागदावर लिहून मामींच्या कपाटात ठेवलाय, गल्ल्यात नाही. गल्ला दिवसातनं पन्नासदा उघडतो.