जादूचा चौरस भरताना या चुका टाळा, आणि मध्यात ५ च का ते समजून घ्या

आडव्या तिन्ही ओळींची बेरीज १५, उभ्या तिन्ही ओळींची बेरीज १५, आणि तरीही चौरस चुकलेला. १ ते ९ हे आकडे तीन बाय तीनच्या चौरसात भरताना ही चूक फार जणांकडून होते आणि ती कळते सगळ्यात उशिरा, कारण तोवर आठपैकी सहा ओळी जुळलेल्या असतात. जादूच्या चौरसात तीन आडव्या ओळी, तीन उभ्या ओळी आणि कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाणारे दोन कर्ण, अशा आठही ओळींची बेरीज सारखीच यावी लागते. ही चूक का होते आणि दोन हालचालींत कशी सुधारता येते, ते पुढे सांगते. पण त्यासाठी मध्यात ५ का येतो हे आधी नीट पटायला हवे.

फोंड्याजवळच्या आमच्या गावात मे महिन्याच्या सुट्टीत मुले हा चौरस भरायला बसतात, तेव्हा मी वही-पेन्सिल बाजूला ठेवायला सांगते. घरोघरी काजूच्या बिया सुकलेल्या असतात. नऊ बियांवर १ ते ९ लिहायचे आणि जमिनीवर खडूने नऊ घरे आखायची. कागदावर खोडाखोड करताना एखादा आकडा नकळत दोनदा पडतो आणि दुसरा सुटतो. बिया नऊच असल्या की तो प्रश्नच उरत नाही, आणि आख्खी ओळ उचलून दुसरीकडे नेता येते. पुढे याचाच उपयोग होणार आहे.

सुरुवातीची चूक म्हणजे किती बेरीज हवी हे न ठरवताच आकडे मांडत सुटणे. १ ते ९ ची एकूण बेरीज ४५. तीन आडव्या ओळींत मिळून सगळे आकडे एकदाच येतात, म्हणून प्रत्येक ओळीच्या वाट्याला १५.

“५ मधला आकडा, म्हणून मधल्या घरात”

हे उत्तर बरोबर आहे, पण कारण चुकीचे आहे. १ ते ९ च्या रांगेत ५ मध्यभागी आहे हे खरे, पण रांगेतला मधला आकडा चौरसाच्या मधल्या घरात गेलाच पाहिजे असे त्यातून कुठेच निघत नाही. कारण कच्चे राहिले की पुढची मोठी चूक ओळखता येत नाही, म्हणून मी इथे मुलांना थांबवते.

खरे कारण असे. मधल्या घरातून चार ओळी जातात: मधली आडवी, मधली उभी आणि दोन कर्ण. प्रत्येकीची बेरीज १५ हवी, म्हणजे चारही मिळून ६०. आता या चार ओळींत कोणता आकडा किती वेळा मोजला गेला ते पाहा. कडेची आठही घरे एकेकदा येतात. मधले घर मात्र चारही ओळींत आहे, म्हणून ते चारदा येते. म्हणजे या ६० मध्ये सगळे नऊ आकडे एकदा आले, त्यांचे ४५ झाले, आणि मधला आकडा आणखी तीनदा आला. ६० मधून ४५ गेले, उरले १५. मधल्या आकड्याची तिप्पट १५, म्हणून मधला आकडा ५.

या हिशेबात दोन्ही कर्ण वापरले आहेत, हे लक्षात ठेवा. कर्णांची अट काढून टाकली, तर मध्यात ५ असण्याची सक्तीही जाते.

सहा ओळी जुळल्या, दोन अडल्या

सातवीतल्या एका मुलीने मांडलेला हा चौरस पाहा:

```
३ ५ ७
४ ९ २
८ १ ६
```

तिने बेरजा करून दाखवल्या. आडव्या १५, १५, १५. उभ्या १५, १५, १५. “बाई, सगळं जुळलं. मध्यात ९ असला तरी चालतो!” तिची शंका रास्त होती, कारण तिने कर्ण मोजलेच नव्हते. ३, ९, ६ ची बेरीज १८ येते आणि ७, ९, ८ ची २४.

कर्ण इतके का बिघडले, हेही मघाच्याच हिशेबातून कळते. मधली आडवी ओळ १५, मधली उभी १५ आणि दोन कर्ण, या सगळ्यांची बेरीज ४५ अधिक मधल्या आकड्याची तिप्पट इतकी येणारच. म्हणून दोन्ही कर्णांची मिळून बेरीज नेहमी १५ अधिक मधल्या आकड्याची तिप्पट असते. मध्यात ९ आहे, म्हणजे १५ आणि २७ मिळून ४२. १८ आणि २४ ची बेरीज तीच. कर्ण मिळून ३० व्हायला हवेत, तर मध्यात ५ ला पर्याय नाही. तेव्हा आडव्या-उभ्या ओळी जुळल्या आणि मध्यात ५ नसेल, तर कर्ण मोजत बसू नका. ते चुकलेलेच आहेत.

इथे बहुतेक जण सगळ्या बिया गोळा करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. तसे करू नका, कारण चौरस जवळजवळ झालेला असतो. ज्या आडव्या ओळीत ५ आहे ती आणि मधली आडवी ओळ यांची अदलाबदल करा. आख्ख्या ओळी हलवल्याने उभ्या बेरजा बदलत नाहीत, कारण प्रत्येक उभ्या ओळीत तेच तीन आकडे राहतात, फक्त खाली-वर होतात. मग ५ ची उभी ओळ मध्ये नसेल, तर तिचीही तशीच अदलाबदल करा. वरच्या चौरसात ५ आधीच मधल्या उभ्या ओळीत आहे, म्हणून पहिली अदलाबदल पुरते:

```
४ ९ २
३ ५ ७
८ १ ६
```

कर्ण: ४, ५, ६ ची बेरीज १५ आणि २, ५, ८ ची बेरीज १५.

ही युक्ती याच चौरसाला लागू पडली असे नाही, ती दर वेळी लागू पडते. त्याचे कारण मला फार आवडते. आडव्या तिन्ही ओळी मिळून नऊच्या नऊ आकडे संपवतात. समजा, एका ओळीत ५ बरोबर २ आणि ८ आले. मग ९ चे काय? त्याला आणखी ६ हवेत, म्हणजे १ व ५ किंवा २ व ४. पण ५ आणि २ दोन्ही वापरले गेले, ९ अडकला. ५ बरोबर ४ आणि ६ घेतले, तर ५ आणि ४ गेले, तरीही ९ अडकतो. म्हणून ५ च्या सोबतीला १ व ९ तरी येतात, नाही तर ३ व ७. उभ्या ओळींनाही हेच लागू. म्हणजे ५ मध्यात आणला की त्याच्या एका ओळीत १ व ९ आणि दुसऱ्या ओळीत ३ व ७ असतात. चारही कोपऱ्यांना सम आकडे उरतात. ९ च्या बाजूच्या कोपऱ्यांत २ व ४ यावे लागतात आणि ७ च्या बाजूच्या कोपऱ्यांत २ व ६. मग ९ आणि ७ च्या मधला कोपरा २ चाच, आणि ८ बरोबर समोर. कर्ण आपोआप जुळतात.

५ मध्यात आहे, तरी भरत नाही

मध्यात ५ ठेवून १ कोपऱ्यात टाकला की असे होते. कोपऱ्यातून तीन ओळी जातात: एक आडवी, एक उभी, एक कर्ण. म्हणजे १ ला १४ करणाऱ्या तीन वेगवेगळ्या जोड्या हव्यात. आहेत दोनच: ५ व ९, आणि ६ व ८. कर्णात ५ व ९ गेले, आडव्या ओळीत ६ व ८ गेले. उभ्या ओळीसाठी उरले २, ३, ४ आणि ७. त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोघांची, ७ आणि ४ ची, बेरीज ११ येते, हवेत १४. इथे आकडे कितीही फिरवले तरी मार्ग नाही. ३, ७ आणि ९ यांच्याही दोनच जोड्या होतात, म्हणून त्यांची जागा कडांच्या मधोमध. २, ४, ६ आणि ८ यांच्या प्रत्येकी तीन जोड्या आहेत, म्हणून कोपरे त्यांचे. चार जोड्या फक्त ५ च्या आहेत, आणि चार ओळी फक्त मधल्या घरातून जातात. मध्यात ५ का, याचे हे दुसरे कारण. लहान मुलांना हेच आधी पटते, कारण जोड्या बियांनी मांडून दाखवता येतात.

म्हणून भरण्याचा क्रम असा ठेवा. ५ मध्यात. १ कोणत्याही कडेच्या मधोमध, ९ त्याच्या समोर. १ च्या दोन्ही बाजूंना ६ आणि ८. मग ६ च्या समोर कर्णावर ४, ८ च्या समोर २. उरलेल्या दोन घरांत ३ आणि ७ कुठे जातात, ते बेरीजच सांगते.

आणि तुमचा चौरस शेजारच्यासारखा दिसत नाही म्हणून खोडू नका. १ ला चार कडा मिळू शकतात आणि दर वेळी ६ व ८ ची अदलाबदल होऊ शकते, म्हणजे बरोबर उत्तरे आठ. एकच चौरस फिरवून किंवा आरशात पाहून ती सगळी मिळतात.

५ पाठ करून दुसरे आकडे भरणे

आमच्याकडे काही देवघरांत तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले नवग्रहांचे यंत्र असते. त्यातले सूर्याचे यंत्र हा १५ चा चौरस आहे, पण चंद्राच्या यंत्रात आकडे २ ते १० असतात आणि बेरीज १८. तिथे कुणी सवयीने मध्यात ५ ठेवला, तर चौरस भरणारच नाही. मघाचा हिशेब इथे पुन्हा लावा: चार ओळींची बेरीज ७२, सगळ्या आकड्यांची ५४, उरले १८, त्याचा तिसरा भाग ६. मध्यात ६ येतो. मंगळाच्या यंत्रात बेरीज २१ असते, तिथे ७.

मधला आकडा म्हणजे ओळीच्या बेरजेचा तिसरा भाग, मग आकडे कोणतेही असोत. म्हणून कुणी २१ चा चौरस मागितला, तर १५ च्या चौरसातल्या प्रत्येक आकड्यात २ मिळवा. २० चा मागितला आणि आकडे पूर्णच हवेत असे म्हटले, तर बियांना हात लावण्याआधीच नाही म्हणा: २० ला ३ ने पूर्ण भाग जात नाही, मधल्या घरात ठेवायला आकडाच नाही.