अभ्यासिकेसाठी मदत मागायचा व्हिडिओ: आधीची तयारी

बडोद्यातली तळमजल्यावरची अभ्यासिका विश्वामित्रीच्या पुरात भिजली आणि आता पुस्तकांच्या मांडण्या भिंतीवर उंच बसवायच्या आहेत, असं धरून लिहितोय. फोन चार्ज असावा वगैरे सांगत नाही. कॅमेरा काढण्याआधी ट्रस्टच्या यूपीआय आयडीवर दुसऱ्याच्या फोनवरून एक रुपया पाठवून बघा. समोर खजिनदारांचं नाव आलं तर तिथेच थांबा आणि ट्रस्टच्या खात्याचा आयडी मिळवा. मागच्या वेळी आम्ही हाच एक रुपया विसरलो.

गोष्ट एकाच मुलीची घ्या, पाच जणांची नको. ती अल्पवयीन असेल तर आईवडिलांची लेखी परवानगी आधी. तिला पाठ करायला काही देऊ नका. "पाणी ओसरल्यावर दार उघडलंस तेव्हा आधी काय दिसलं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. खिडकीचा उजेड तोंडावर येऊ दे, पंखा बंद ठेवा. पंख्याची घरघर नंतर पूर्ण काढणं अवघड जातं.

गरजेचा पुरावा भिंतीवरच आहे. पुराच्या गाळाची रेघ उठलेली असते, तिथे जमिनीपासून मेजपट्टी धरा आणि आकडा वाचता येईल इतकं जवळून, हात न हलवता 5 सेकंद घ्या. भिंतीला रंग द्यायच्या आधी घ्या, हे कळकळीने सांगतोय. एकदा रंग दिला की ती रेघ गेली. लगेच त्यामागे कारागिराचं कोटेशन दाखवा, म्हणजे रेघ 3 फुटांवर आणि मांडण्या 4 फुटांवर का, ते कोणी विचारणार नाही.

आता शेवटचं आवाहन. "यथाशक्ती मदत करा" नको. समजा, 12 मांडण्या, प्रत्येकी ₹9,000, एकूण ₹1,08,000. मग "एक मांडणी ₹9,000 ची, पावसाळ्याआधी बसवायची आहे, 31 मेपर्यंत पाठवा" असं त्या मुलीनेच म्हणावं. क्यूआर कोड 10 सेकंद स्थिर ठेवा. बघणारा फोनवरच बघतो, तोच फोन स्वतःचा पडदा स्कॅन कसा करणार? तो स्क्रीनशॉट काढून यूपीआय ॲपमध्ये उघडतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि बारीक कोड पुसट होतो. म्हणून कोड पडदाभर मोठा हवा, खाली आयडी ठळक अक्षरांत, आणि तोच आयडी संदेशातही, कॉपी करता येईल असा.

मग तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर दोघांमार्फत फिरवून परत मागवा, स्क्रीनशॉट काढा आणि त्यातून एक रुपया पाठवा. पुन्हा सांगतो, मूळ फाइलवरून नाही, फिरून आलेल्या व्हिडिओवरून. गेला नाही तर व्हिडिओ तयार झालेला नाही.

गुजराती सबटायटल टाका, शेजारीही देतात. लांबी दीड मिनिट. ट्रस्टकडे आयकराची 80-जी नोंदणी असेल तरच पावतीत करसवलतीचा उल्लेख करा. परदेशी पासपोर्टवाल्या नातेवाइकांकडून, परदेशी देणगीसाठी लागणाऱ्या एफसीआरए नोंदणीशिवाय पैसे घेऊ नका. पाठवण्याआधी तो एक रुपया.