हॅशटॅगवर फोटो स्पर्धा घेताय? स्टील बाटलीच्या ब्रँडने या चुका टाळा

स्पर्धा संपते, निकाल लागतो आणि थोड्याच वेळात कॉमेंट येते: "मीही फोटो टाकला होता, माझा धरलाच नाही." मागोमाग आणखी तशाच दोनतीन. हे लोक तुमची बाटली विकत घेऊन वापरणारे, वर वेळ काढून तिचा फोटो टाकणारे असतात. त्यांचा फोटो कुणी पाहिलाच नव्हता, असं निघालं तर पुढच्या स्पर्धेत ते येत नाहीत. अशा बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. हॅशटॅग ही स्पर्धेची पाटी आहे आणि कंपन्या तिलाच प्रवेशिकांची वही समजतात.

हॅशटॅगवर दिसलं तेवढंच आलं, हा समज

समजा, 15 दिवसांची स्पर्धा आहे आणि हॅशटॅग आहे #SteelSathi. शेवटच्या दिवशी कंपनीतल्या कुणीतरी इन्स्टाग्रामवर हॅशटॅग शोधला, 62 फोटो मिळाले, त्यातून विजेते निवडले. निकालानंतर 11 तक्रारी आल्या. एकेक तपासली तर काय निघतं? पाच जणांचं अकाउंट प्रायव्हेट होतं. प्रायव्हेट अकाउंटची पोस्ट त्यांना फॉलो न करणाऱ्यांना हॅशटॅगवर दिसतच नाही. तिघांनी फोटो स्टोरीत टाकला होता आणि स्टोरी 24 तासांत गेली. दोघांनी #SteelSaathi असं लिहिलं होतं. एकाने दोन शब्दांत जागा सोडली होती, त्यामुळे हॅशटॅग फक्त #Steel एवढाच झाला. मधे आडवी रेघ दिली तरी तेच होतं.

यातल्या एकानेही मुद्दाम नियम मोडलेला नाही. त्यांच्या स्क्रीनवर सगळं व्यवस्थित दिसत होतं.

तक्रार आली तर आधी पोस्टची लिंक मागा आणि त्या व्यक्तीला फॉलो न करणाऱ्या अकाउंटवरून ती उघडा. उघडली नाही तर अकाउंट प्रायव्हेट असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. उघडली तर हॅशटॅगचं एकेक अक्षर वाचा आणि त्यावर टॅप करून तो नेमका कुठे नेतो ते बघा. हॅशटॅग बरोबर असूनही त्या पानावर फोटो सापडत नसेल, तर चूक स्पर्धकाची नाही. ते पान पोस्टची पूर्ण यादी देत नाही, काय वर दाखवायचं हे प्लॅटफॉर्म ठरवतो. पोस्ट मुदतीत टाकलेली असेल तर ती प्रवेशिका धरायलाच हवी.

"आम्ही टूल लावलंय" म्हणूनही निर्धास्त राहू नका. इन्स्टाग्रामच्या अधिकृत सोयीतून हॅशटॅगच्या अलीकडच्या पोस्ट मागवल्या तर फक्त गेल्या 24 तासांतल्या मिळतात, आणि त्यांच्यासोबत अकाउंटचं नाव येत नाही. म्हणजे टूल पाचव्या दिवशी सुरू केलं तर सुरुवातीचे दिवस त्या यादीत नसतील. टूल स्पर्धेच्या आदल्या दिवशीच सुरू करून एक चाचणी पोस्ट टाकून पाहा.

खरा उपाय साधा आहे. हॅशटॅग ठेवा, पण प्रवेशिका एका छोट्या फॉर्मवर घ्या: नाव, ईमेल, अकाउंट, पोस्टची लिंक आणि मूळ फोटो. प्रायव्हेट अकाउंटवाल्यांसाठी तर हाच एक भरवशाचा रस्ता आहे, कारण त्यांनी पोस्टमध्ये ब्रँडला मेन्शन केलं तरी तुम्ही त्यांना फॉलो करत नसाल तर तुम्हाला कळत नाही. शिवाय रोज ठरलेल्या वेळी आलेल्या प्रवेशिका शीटमध्ये उतरवा आणि प्रत्येकाला नोंद क्रमांक कळवा. नियमांत लिहा: "दोन दिवसांत नोंद क्रमांक मिळाला नाही तर आम्हाला मेसेज करा." मग हरवलेला फोटो निकालाच्या आधीच, मुदत शिल्लक असताना सापडतो. क्रमांक शक्यतो ईमेलने पाठवा. तोच मजकूर भराभर कॉमेंटमध्ये टाकत गेलं तर प्लॅटफॉर्म तो स्पॅम धरू शकतो.

स्पेलिंगचा घोळ मात्र स्पर्धा जाहीर करण्याआधीच निस्तरता येतो. हॅशटॅग चारपाच जणांना फक्त ऐकवा आणि टाइप करायला सांगा. दोन वेगळी स्पेलिंग आली तर दुसरा शब्द निवडा.

विषय असा देणं की बाटलीच चुकीची वापरली जाईल

"तुमच्या बाटलीचं सगळ्यात थरारक रूप दाखवा" असा विषय दिला की काही फोटो धोक्याचे येणारच. कुणी दुहेरी भिंतीची, झाकण लावलेली बाटली शेकोटीच्या निखाऱ्यांवर ठेवतो. दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असलेली बाटली थेट आचेवर ठेवायची नसते. सील निकामी होतं, आत अडकलेल्या दाबाने बाटली फुटूही शकते. कुणी धुराचा देखावा करायला आत कोरडा बर्फ टाकतो. झाकण घट्ट बसलं तर त्याचा वायू साठून झाकण जोरात उडतं. फोटो सुंदर असतो, लाइक भरपूर मिळतात, आणि कंपनीने तो आपल्या पानावर टाकला की बघणाऱ्याला वाटतं, असं करायला हरकत नाही.

म्हणून परीक्षकांमध्ये उत्पादनाची माहिती असलेला एक माणूस हवाच, आणि त्याला फोटो बाद करण्याचा अधिकार हवा. विजेता निव्वळ लाइकवर ठरवू नका. लाइक विकत मिळतात, आणि धोक्याचा फोटो त्याच हिशेबात सगळ्यांच्या पुढे जातो.

चकचकीत स्टीलमध्ये काय काय दिसतं

पॉलिश केलेली गोल बाटली बहिर्गोल आरशासारखी असते. तिच्यात फोटो काढणाऱ्याचा चेहरा, मागची खोली, कधी आंघोळीनंतर टॉवेल गुंडाळून उभा असलेला घरातला माणूसही उमटतो. छोट्या स्क्रीनवर हे लक्षात येत नाही, बॅनरवर मोठं केल्यावर दिसतं. मुलांच्या बाटल्यांवर नाव, वर्ग, पालकांचा फोन नंबर कोरलेला असतो. प्रत्येक निवडलेला फोटो पूर्ण मोठा करून तपासा. शंका वाटली तर फोटो पाठवणाऱ्याला कळवा आणि दुसरा मागवा.

स्पर्धकांनाही आधीच सांगून ठेवा: खिडकीजवळच्या मंद उजेडात, फ्लॅश न वापरता, जरा बाजूने फोटो काढा आणि लोगो दिसू द्या. मागच्या बाजूने बऱ्याच स्टील बाटल्या सारख्याच दिसतात, त्यामुळे लोगो किंवा तळाचा शिक्का दिसला नाही तर बाटली दुसऱ्या कंपनीची आहे का हे ठरवता येत नाही.

हॅशटॅग म्हणजे परवानगी नव्हे

फोटोचा हक्क तो काढणाऱ्याचा असतो. हॅशटॅग लावला म्हणून तो फोटो जाहिरातीत, खोक्यावर किंवा वेबसाइटवर वापरता येत नाही. फॉर्मवरच स्पष्ट विचारा: कुठे वापरणार, किती काळ, नाव देणार की नाही. फोटोत दुसरी माणसं असतील तर त्यांचीही संमती घ्यायला सांगा, लहान मुलं असतील तर पालकांची. नियमांत इन्स्टाग्रामला लागणारं एक वाक्यही हवं: ही स्पर्धा इन्स्टाग्रामने प्रायोजित केलेली, पुरस्कृत केलेली किंवा चालवलेली नाही आणि स्पर्धक इन्स्टाग्रामला जबाबदारीतून मुक्त करतात. फोटोत नसलेल्या मित्रांना फोटोत टॅग करा, अशी अट मात्र घालू नका. चुकीचं टॅगिंग करायला लावणं इन्स्टाग्रामच्या नियमांत बसत नाही.

निकालाच्या दिवशीचे तोतये

विजेत्यांची नावं जाहीर झाली की ब्रँडच्या नावाशी एखादंच अक्षर वेगळं असलेलं, तोच लोगो लावलेलं अकाउंट विजेत्यांना मेसेज करतं: बक्षीस पाठवायचं आहे, कुरिअरचे पैसे भरा, कार्डचा नंबर द्या. जाहीर करण्याआधीच विजेत्यांशी फॉर्मवरच्या ईमेलने बोलून पत्ता घेऊन ठेवा. पहिल्या पोस्टपासून निकालाच्या पोस्टपर्यंत एकच ओळ ठेवा: आम्ही बक्षिसासाठी पैसे मागत नाही आणि फक्त याच अकाउंटवरून किंवा याच ईमेलवरून बोलतो. निकालाच्या दिवशी ब्रँडचं नाव दोनतीन वेळा शोधून पाहा आणि तोतया अकाउंट दिसलं की लगेच रिपोर्ट करा. त्याचा स्क्रीनशॉट स्टोरीत टाकून विजेत्यांनाही ईमेलने कळवा.