सोडवलेला संधी पुन्हा जोडून पाहणे: गीतेच्या दोन श्लोकांचा पदच्छेद

भगवद्गीता अर्थासह वाचू लागलेल्या नवशिक्यांसोबत बसताना मी पहिल्या अध्यायापासून सुरुवात करत नाही. तेथे वीरांच्या नावांची आणि विशेषणांची दाटी आहे, आणि सुरुवातीला तिचा फारसा उपयोग होत नाही. मी नवव्या अध्यायातील सव्विसावा श्लोक घेतो, कारण तो बहुतेकांना पाठ असतो, त्याचा ढोबळ अर्थ ठाऊक असतो, आणि तरीही पदे सुटी करायला सांगितले की निम्मी पदे चुकतात.

पत्रं पुष्पं फलं तोयं यो मे भक्त्या प्रयच्छति ।
तदहं भक्त्युपहृतमश्नामि प्रयतात्मनः ॥

पहिली सवय म्हणजे अक्षरे मोजण्याची. हा अनुष्टुभ् छंद आहे आणि त्याच्या प्रत्येक चरणात आठ अक्षरे असतात. दुसऱ्या ओळीत ‘त-द-हं-भ-क्त्यु-प-हृ-त’ येथे आठ अक्षरे भरतात. चरण संपतो तेथे सहसा पदही संपते, म्हणून ‘भक्त्युपहृतमश्नामि’ या लांबलचक दिसणाऱ्या शब्दात कोठे कापायचे हे व्याकरणाचा एकही नियम न वापरता कळते: ‘भक्त्युपहृतम्’ आणि ‘अश्नामि’. येथे कोणताही वर्ण बदललेला नाही. ‘म्’ला पुढचा ‘अ’ मिळाला आणि देवनागरीत त्याचा ‘म’ झाला, एवढेच. छापील जागेवर विसंबून शब्द मोजणाऱ्या माणसाला हा सगळा एकच शब्द वाटतो. त्यामुळे जेथे केवळ लेखनात वर्ण जवळ आले आहेत आणि जेथे वर्ण खरोखर बदलला आहे, अशा जागा पहिल्या दिवसापासून वेगळ्या ओळखायला शिकावे.

आता खरे बदल पाहू. ‘पत्रं’, ‘पुष्पं’, ‘फलं’, ‘तोयं’ यांतील अनुस्वार हा पुढे व्यंजन आल्यामुळे झालेला ‘म्’ आहे, म्हणून वहीत ‘पत्रम्’, ‘पुष्पम्’ असे लिहावे. ‘यो मे’ म्हणजे ‘यः मे’. अकारानंतर विसर्ग आणि त्यापुढे मृदू व्यंजन आले की त्या अकार-विसर्गाचा ‘ओ’ होतो. ‘तदहम्’ म्हणजे ‘तत् अहम्’, कारण पुढे स्वर आला की पदान्तीच्या ‘त्’चा ‘द्’ होतो. हे तीन बदल इतक्या वेळा भेटतात की थोड्या वाचनानंतर ते आपोआप दिसू लागतात, त्यामुळे त्यांच्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही.

वेळ द्यावा तो ‘भक्त्युपहृतम्’ या पदाला. येथे जवळजवळ प्रत्येक नवा वाचक ‘भक्त्या + उपहृतम्’ असे लिहितो. अर्थ बरोबर असतो, शिवाय वरच्या ओळीत ‘भक्त्या’ हे रूप नुकतेच येऊन गेलेले असते, म्हणून शंकाही येत नाही. अशा वेळी मी एकच गोष्ट करायला सांगतो: जे सोडवले ते नियमाने पुन्हा जोडा. ‘भक्त्या’च्या अंती ‘आ’ आहे आणि पुढे ‘उ’ आहे. आ आणि उ मिळून ‘ओ’ होतो, म्हणजे ‘भक्त्योपहृतम्’ असे व्हायला हवे होते. श्लोकात ‘भक्त्यु’ आहे, म्हणून हा विच्छेद टिकत नाही. ‘भक्ति + उपहृतम्’ जोडले तर इकारापुढे विजातीय स्वर आल्यामुळे ‘इ’च्या जागी ‘य्’ येतो आणि ‘भक्त्युपहृतम्’ हे नेमके श्लोकातले रूप मिळते. छंदाचीही साक्ष आहे. अनुष्टुभ् छंदात चरणाचे पाचवे अक्षर लघू असावे लागते. ‘त्यु’ लघू आहे, ‘त्यो’ गुरू झाला असता.

मग ‘भक्तीने अर्पण केलेले’ हा अर्थ येतो कोठून? तो समासातून येतो. ‘भक्ति’ आणि ‘उपहृत’ यांचा तृतीया तत्पुरुष समास झाला आहे, आणि समासात पूर्वपदाची विभक्ती लोप पावून मूळ शब्द उरतो. म्हणून संधी सोडवताना ‘भक्ति + उपहृतम्’ असे लिहावे आणि समासाचा विग्रह करताना ‘भक्त्या उपहृतम्’ असे लिहावे. या दोन कामांसाठी वहीत दोन वेगळे रकाने ठेवावेत असा माझा आग्रह असतो, कारण ती एकाच रकान्यात मिसळली की पुढच्या प्रत्येक लांब समासात हाच घोटाळा होत राहतो.

‘प्रयतात्मनः’ येथे अडचण निराळी आहे. मधला ‘ता’मधील ‘आ’ चार प्रकारे झालेला असू शकतो: अ+अ, अ+आ, आ+अ किंवा आ+आ. पुन्हा जोडण्याची कसोटी येथे चारही पर्यायांना उत्तीर्ण करते, म्हणून निवाडा शब्दांकडे न्यावा लागतो. ‘अत्मन्’ असा शब्द नाही, ‘आत्मन्’ आहे, त्यामुळे दुसरा भाग ठरतो. पहिला भाग ‘प्रयत’ आहे, आणि येथे मराठी वाचकाने विशेष सावध राहावे, कारण डोळ्यांसमोर लगेच ‘प्रयत्न’ उभा राहतो. ‘प्रयत्न’ हा ‘यत्’ धातूचा आणि ‘प्रयत’ हा ‘यम्’ धातूचा. ‘प्रयत’ म्हणजे संयत, शुद्ध. ‘प्रयतः आत्मा यस्य सः’ असा हा बहुव्रीही आहे.

पदे सुटी झाली तरी काम निम्मेच झालेले असते, कारण प्रत्येक पदाचे रूप अजून ठरवायचे असते. ते करताना क्रियापदापासून निघावे. या श्लोकात क्रियापदे दोन आहेत, ‘प्रयच्छति’ आणि ‘अश्नामि’, म्हणून वाक्येही दोन. पहिले ‘तो देतो’ या अर्थाचे आहे आणि दुसरे ‘मी खातो, सेवन करतो’ या अर्थाचे. नोंद करताना एक भेद लक्षात ठेवावा. मराठी व्याकरणात ‘मी’ला प्रथम पुरुष म्हणतात. संस्कृतात मात्र ‘तो’ प्रथम पुरुष, ‘तू’ मध्यम पुरुष आणि ‘मी’ उत्तम पुरुष. मराठी सवयीने ‘प्रयच्छति, प्रथम पुरुष’ हे वाचले की ‘मी देतो’ असा उलटा अर्थ होतो.

‘प्रयच्छति’चा कर्ता ‘यः’. ‘पत्रम्’ इत्यादी शब्द नपुंसकलिंगी आहेत, त्यांचे प्रथमेचे आणि द्वितीयेचे रूप एकच असते, आणि रूप पाहून ते कर्ता की कर्म हे कळणार नाही. कर्त्याची जागा ‘यः’ने घेतली असल्यामुळे ती चारही द्वितीया. ‘मे’ हे चतुर्थीचेही रूप आहे आणि षष्ठीचेही. देण्याची क्रिया असल्याने येथे चतुर्थी, म्हणजे ‘मह्यम्’.

‘आत्मनः’ हे रूप पंचमी एकवचन, षष्ठी एकवचन आणि द्वितीया बहुवचन अशा तीन ठिकाणी येते. अशा जागी संस्कृत टीका फार कामाची असते, आणि ती वाचता येण्यासाठी पंडित असावे लागत नाही. टीकाकार प्रतिशब्द सहसा मूळ पदाच्याच विभक्तीत देतात. शांकरभाष्यात या पदासाठी ‘शुद्धबुद्धेः’ हा प्रतिशब्द आहे. ‘बुद्धेः’ हे पंचमी किंवा षष्ठीचे एकवचन आहे, द्वितीया बहुवचन मुळीच नाही, म्हणून एक पर्याय तेथेच गळतो. उरलेल्या दोहोंत ‘शुद्धचित्त भक्ताचे ते’ असा संबंध सरळ लागतो, म्हणून षष्ठी.

आता अन्वय लावावा: यः मे भक्त्या पत्रं पुष्पं फलं तोयं प्रयच्छति, (तस्य) प्रयतात्मनः भक्त्युपहृतं तत् अहम् अश्नामि. कंसातील ‘तस्य’ श्लोकात नाही. ‘यः’ दिसला की वाचक ‘तत्’ला त्याची जोडी समजतो, पण ‘यः’ पुंल्लिंगी आणि ‘तत्’ नपुंसकलिंगी आहे. ‘तत्’ पाना-फुलांकडे जाते. भक्ताकडे जाणारे सर्वनाम अध्याहृत आहे आणि ‘प्रयतात्मनः’ त्याचे विशेषण आहे. हे दिसले की ‘जो देतो, ते मी खातो’ असे तुटके भाषांतर राहत नाही.

लगेच पुढचा श्लोक स्वतः सोडवायला घ्यावा.

यत्करोषि यदश्नासि यज्जुहोषि ददासि यत् ।
यत्तपस्यसि कौन्तेय तत्कुरुष्व मदर्पणम् ॥

येथे एकच ‘यत्’ पाच वेळा आले आहे. ‘क’पुढे आणि ‘त’पुढे ते तसेच राहते, स्वरापुढे ‘यद्’ होते, ‘ज’पुढे ‘यज्’ होते आणि ओळीच्या शेवटी, पुढे दंड असल्यामुळे, मूळ रूपात दिसते. पदान्तीच्या ‘त्’चे वागणे शिकायला मला याहून चांगली जागा ठाऊक नाही. ‘अश्नासि’ हे आधीच्या श्लोकातल्या ‘अश्नामि’चे मध्यम पुरुषाचे रूप आहे. आणि येथील ‘यत्’-‘तत्’ ही खरी जोडी आहे, कारण दोन्ही नपुंसकलिंगी आणि दोन्ही द्वितीया.

‘मदर्पणम्’ पाहून ‘मद’ म्हणजे गर्व, गर्वाचे अर्पण, असा अर्थ काढलेला मी एकाहून अधिक वेळा ऐकला आहे. भाव चांगला असल्यामुळे तो खोडताना जड जाते. पण ‘मद + अर्पणम्’ जोडून पाहा: ‘मदार्पणम्’ होईल, आणि श्लोकात तो दीर्घ ‘आ’ नाही. ‘मत् + अर्पणम्’ जोडले की श्लोकातले रूप मिळते, आणि अर्थ होतो ‘मला अर्पण केलेले’.

या कसोटीला मर्यादाही आहे. दुसऱ्या अध्यायातील सोळाव्या श्लोकात ‘नासतो विद्यते भावो’ असे चरण आहे. पदान्तीच्या ‘ए’पुढे आलेला ‘अ’ लोप पावतो. लेखनात त्याच्या जागी अवग्रह येतो, पण उच्चारात काहीच ऐकू येत नाही. त्यामुळे ‘विद्यते भावः’ आणि ‘विद्यते अभावः’ हे दोन्ही विच्छेद जोडल्यावर कानाला एकच वाटतात. प्रचलित पाठ पहिला आहे, तर मध्वाचार्यांच्या परंपरेत दुसरा घेतला जातो, आणि अर्थ पूर्ण पालटतो. अशा जागी संधीचे नियम दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतात. कोणती घ्यायची हे त्या श्लोकाचा उत्तरार्ध आणि प्रकरणाचा ओघ पाहून ठरवावे लागते, म्हणून वहीत दोन्ही पदच्छेद लिहून, कोणता कोणत्या भाष्यानुसार आहे ते शेजारी नोंदवून ठेवावे.